ताळेबंदात नफा दिसतो, तरी हप्ता का ओढाताणीचा होतो?

बंदीचे दोन महिने सुरू झाले की संस्थेच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "सीएने नफा दाखवलाय, मग बँकेचा हप्ता भरायला पैसे कुठे गेले?" याचं उत्तर तुमच्याच वार्षिक हिशोबात असतं. बँकवाले त्याला डीएससीआर म्हणतात, म्हणजे वर्षभरात हप्त्यांसाठी हातात उरलेले पैसे भागिले वर्षभराचे हप्ते.

हातात उरलेले पैसे काढायला नफा-तोटा पत्रकातला निव्वळ नफा घ्या. त्यात घसारा मिळवा, कारण घसारा कागदावर खर्च दिसतो पण त्या वर्षी खिशातून जात नाही. मग मुदत कर्जाचं व्याजही मिळवा, कारण ते नफ्यातून आधीच वजा झालंय आणि खाली हप्त्यात ते पुन्हा येणारच आहे. कॅश क्रेडिटचं व्याज मात्र मिळवू नका, तो रोजच्या धंद्याचा खर्च.

एक ट्रॉलर धरू. इंजिन आणि दुरुस्तीसाठी २० लाखांचं कर्ज, ५ वर्षांचं. वर्षाला मुद्दल ४ लाख, पहिल्या वर्षाचं व्याज साधारण २ लाख, म्हणजे बँकेला ६ लाख द्यायचे. मासळीची विक्री ५९ लाख आणि डिझेलची सबसिडी ३ लाख, एकूण जमा ६२ लाख. डिझेल, बर्फ, रेशन, जाळी, तांडेल-खलाशांचे पैसे मिळून खर्च ५३ लाख. उरले ९ लाख. त्यातून घसारा ३ आणि व्याज २ गेलं की पत्रकात नफा ४ लाख दिसतो. आता ४ अधिक ३ अधिक २ म्हणजे ९, भागिले ६. उत्तर १.५. बँका साधारण याच आकड्याच्या आसपास मागतात, त्यामुळे फाईल पास.

पण मालकाचं घर कशावर चालतं? ट्रॉलर एकट्याच्या नावावर असेल तर मालकाचा पगार नफा-तोटा पत्रकात नसतो. घरखर्च, मुलांची फी, चतुर्थीचा खर्च हे सगळं भांडवल खात्यात 'उचल' म्हणून लिहिलेलं असतं, आणि ते पान कोणी उघडत नाही. महिन्याला २५ हजार धरले तरी वर्षाला ३ लाख झाले. ९ मधून ३ गेले, उरले ६. आता उत्तर बरोबर १. हप्ता भरला की हात रिकामे, जाळं फाटलं तर उसनवारी.

दुसरी गोष्ट सबसिडीची. ३ लाख जमेला धरले, पण त्यातले दीड लाख मार्चअखेर मिळालेच नाहीत. ताळेबंदात ते 'येणे' म्हणून बसलेत, आणि येण्यातून हप्ता फिटत नाही. उरले साडेचार लाख, भागिले ६, उत्तर ०.७५. म्हणजे दीड लाख कमी पडले.

तरी हप्ता भरला गेला ना? मग ते दीड लाख कुठून आले ते शोधा. ताळेबंदात देणेकऱ्यांची यादी गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवा. बर्फवाला, डिझेलवाला, मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम, यांतली एखादी बाकी वाढलेली दिसेल. व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम तर मला सगळ्यांत महाग वाटते. तिथे व्याज लिहिलेलं नसतं, पण मासळीचा भाव तोच ठरवतो.

वर्षाचा आकडा आणखी एक गोष्ट लपवतो. ६ लाख बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ५० हजार पडतात, पण १ जून ते ३१ जुलै होडी धक्क्यालाच. म्हणून मे महिन्यापर्यंत १ लाख वेगळे ठेवलेले असले पाहिजेत. कर्ज घेतानाच हंगामाच्या दहा महिन्यांत ६०-६० हजारांचे हप्ते बांधून मागता आले तर बरं. मंजुरीपत्रावर सही झाल्यावर हे बदलून घेणं फार जड जातं.

मुदतीचंही तसंच. हेच कर्ज ७ वर्षांचं असतं तर मुद्दल वर्षाला २ लाख ८६ हजारांच्या जवळ आणि व्याजासकट ४ लाख ८६ हजार. सबसिडी वेळेवर आली तर घरखर्च वजा करून उत्तर सव्वाच्या जवळ येतं, रखडली तर ०.९३. एकूण व्याज मात्र जास्त जातं. सबसिडी नेहमीच उशिरा मिळत असेल, तर मुदत वाढवूनही भागत नाही, कर्जच लहान घ्यावं लागतं.

एका वर्षाच्या हिशोबावर जाऊ नका, मासळीचं एक वर्ष चांगलं तर पुढचं नाही. नव्या कर्जाचा विचार असेल त्यांनी तीन वर्षांचे ताळेबंद भांडवल खात्याच्या पानासकट आणि कर्जखात्याचा उतारा घेऊन ऑफिसात या. अर्ज बँकेत देण्यापूर्वी या, नंतर नको.