‘सक्षमीकरण’ खोडल्यावर काय उरतं?

समजा, जुन्नर तालुक्यातल्या पाच जणी बचत गटांतल्या बायकांना मोबाइल वापरायला शिकवणारी संस्था काढताहेत. पहिल्याच बैठकीत ध्येयवाक्य लिहायचं ठरतं आणि दहा मिनिटांत कागदावर येतं: ‘ग्रामीण महिलांचे डिजिटल सक्षमीकरण करून त्यांच्या जीवनात सकारात्मक परिवर्तन घडवणे.’ ऐकायला बरं वाटतं. पण सोमवारी गावात शिकवायला निघालेल्या मुलीने विचारलं, ‘आज काय शिकवू?’, तर या वाक्यात तिला उत्तर मिळत नाही.

असं होतं कारण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करताना कागदपत्रांत ‘उद्देश’ लिहावे लागतात. ते ऐसपैस असावेत हेच शहाणपणाचं, कारण पुढे ते बदलायचे म्हणजे पुन्हा कागदपत्रांची धावपळ. ध्येयवाक्याचं काम नेमकं उलटं. या वर्षी आपण कोणासाठी, काय करणार आणि काय करणार नाही, हे त्याने सांगायचं असतं.

तेव्हा ‘सक्षमीकरण’ खोडायचं आणि त्या जागी बाईला काय करता येईल ते लिहायचं. गटात विचारलं तर उत्तरं ठोस येतात: खात्यात पैसे जमा झाले का ते बघायचंय, पापड-लोणच्याचे पैसे फोनवर घ्यायचेत, योजनेचा अर्ज भरायला दर वेळी भाच्याला बोलवायला नको. मग वाक्य होतं: ‘जुन्नर तालुक्यातल्या बचत गटांतल्या बायकांना बँकेचा व्यवहार, सरकारी अर्ज आणि मालाची विक्री स्वतःच्या फोनवर करायला शिकवणे.’

पुष्कळ बरं झालं. तरी यातले दोन शब्द तपासायलाच हवेत.

पहिला, ‘स्वतःच्या फोनवर’. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया निम्म्याहून कमी होत्या, ४६.६ टक्के. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या तर २४.६ टक्केच. म्हणजे या एका शब्दाने ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्याच बाहेर राहतात. म्हणून ‘घरातल्या फोनवर’ लिहायचं. तसं लिहिलं की कामही बदलतं. यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरावरूनच संदेश जावा लागतो. खातं बाईचं आणि नोंदवलेला नंबर नवऱ्याचा, अशी घरं थोडी नाहीत. तिथे पहिला धडा अ‍ॅपचा नसतो. तिच्या नावाचं सिमकार्ड घेणं, बँकेत जाऊन नंबर बदलण्याचा अर्ज भरणं आणि ते सिम घरातल्या फोनच्या दुसऱ्या खाचेत बसवणं, हाच पहिला धडा.

दुसरा शब्द ‘शिकवणे’. तो संस्थेचं काम सांगतो, बाईचं काय झालं ते सांगत नाही. केंद्र सरकारची ग्रामीण डिजिटल साक्षरता मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली. घरटी एका व्यक्तीला २० तासांचं प्रशिक्षण अशी तिची रचना होती आणि मार्च २०२४ मध्ये ती संपेपर्यंत सहा कोटींहून जास्त लोकांनी प्रशिक्षण घेतलं. काम मोठं झालं, पण या आकड्यावरून त्यातल्या किती जणी आज कोणाला न विचारता पैसे पाठवतात ते कळत नाही. लहान संस्थेला ते मोजता येतं. सहा महिन्यांनी घरी जायचं आणि ‘ताई, मागच्या महिन्यातला एक व्यवहार दाखवा’ म्हणायचं. पैसे येणार असताना पिन टाकावा लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे का तेही विचारायचं. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असं सांगूनच फसवणूक होते.

आता वाक्य असं उभं राहतं: ‘जुन्नर तालुक्यातल्या बचत गटांतल्या बायकांना बँकेचा व्यवहार, सरकारी अर्ज आणि मालाची विक्री घरातल्या फोनवरून, कोणाच्या मदतीशिवाय आणि न फसता करता यावी, यासाठी आम्ही त्यांच्या गावात जाऊन शिकवतो.’

थोडं लांबलं, पण चालेल. उद्या कोणी शाळेतल्या मुलांसाठी टॅबलेट देऊ केले, तर हे वाक्य नम्रपणे नाही म्हणतं. तालुक्याच्या गावी संगणक वर्ग काढा असा आग्रह झाला, तरी ‘त्यांच्या गावात’ हे दोन शब्द आडवे येतात. देणगी हातची जाताना जीव तुटतो हे खरं, पण नव्या संस्थेकडे शिकवणाऱ्या मुली तीन-चारच असतात. त्या टॅबलेटमागे लागल्या, की गटाच्या बैठकीला जायला कोणी उरत नाही.

नव्याने संस्था काढणाऱ्यांना एकच विनंती. वाक्य फलकावर रंगवण्याआधी एखाद्या गटाच्या मासिक बैठकीत मोठ्याने वाचा. ‘म्हंजे काय करणार?’ असा प्रश्न आला, तर अजून एकदा लिहा. ‘कधीपासून येताय?’ असं विचारलं, तर रंगारी बोलवा.