एनएव्हीतून रोज झिरपणारा खर्च

नवा म्युच्युअल फंड बाजारात आला की ‘दहा रुपयांत युनिट मिळतंय, स्वस्त आहे’ असा सल्ला हमखास कानावर येतो. हा सल्ला चुकीचा आहे. फंडाकडील शेअर आणि रोकड यांच्या बाजारभावातून देणी वजा करायची आणि उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागायचे, की त्या दिवसाची एनएव्ही मिळते. दहा हजार रुपयांत १० रुपयांची एक हजार युनिटे येतील, ५०० रुपयांची वीसच. पण दोन्ही फंड दहा टक्के वाढले, तर दोन्हीकडे अकरा हजारच होतील.

पाहायचे ते वेगळेच. फंड चालवण्याचा वार्षिक खर्च, म्हणजे एक्स्पेन्स रेशो, रोज थोडा थोडा वजा होतो आणि मगच एनएव्ही जाहीर होते. खर्च दोन टक्के असेल, तर ५० रुपयांच्या युनिटामागे दिवसाला जेमतेम पाव पैसा जातो. खात्याच्या विवरणात या रोजच्या वजावटीची वेगळी नोंद दिसत नाही, म्हणून तो कुणाला खुपतही नाही.

आता हिशेब मांडू. एक लाख रुपये वीस वर्षांसाठी गुंतवले आणि खर्चापूर्वीचा परतावा दरसाल १२ टक्के धरला. इंडेक्स फंडाचा खर्च ०.२ टक्के असेल, तर स्थूलमानाने ९ लाख ३१ हजार होतात. सक्रिय फंडाच्या रेग्युलर प्लॅनचा खर्च २ टक्के असेल, तर ६ लाख ७३ हजार. फरक २ लाख ५८ हजारांचा, म्हणजे मूळ गुंतवणुकीच्या अडीचपट. गेलेल्या पैशावरची चक्रवाढही बुडते, म्हणून दरी एवढी रुंदावते.

सक्रिय फंडाचा व्यवस्थापक शेअर निवडून निर्देशांकाला मागे टाकू पाहतो. इंडेक्स फंड निफ्टी ५० सारखी यादी त्याच प्रमाणात विकत घेतो. पण बाजारातल्या सगळ्यांचा एकत्रित परतावा म्हणजे बाजाराचाच परतावा. त्यामुळे एकाने सरासरीपेक्षा जास्त मिळवले, तर दुसऱ्याला कमी मिळालेच पाहिजे. खर्च मात्र जिंकणारा आणि हरणारा दोघेही देतात. लार्ज कॅप फंडांना किमान ८० टक्के पैसा पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवावा लागतो. तिथे वेगळेपणाला वाव कमी, म्हणून खर्च भरून काढणे आणखी अवघड. लहान कंपन्यांत चांगल्या निवडीला अधिक वाव असतो. तरी असा व्यवस्थापक आधीच ओळखता येईल, याची खात्री नाही.

इंडेक्स फंडही डोळे झाकून घेऊ नये. बाजार कोसळला की तोही कोसळतो, आणि एकाच निर्देशांकाच्या दोन फंडांचा खर्च वेगळा असू शकतो. फंडाचा परतावा लाभांश धरून काढलेल्या टोटल रिटर्न निर्देशांकाशी ताडून पाहा. तो दरवर्षी खर्चाहून बराच अधिक मागे पडत असेल, तर फंड नीट चालवला जात नाही.

एसआयपीचा पुढचा हप्ता जाण्यापूर्वी आपल्या फंडाचा एक्स्पेन्स रेशो कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा आणि त्याच योजनेच्या डायरेक्ट प्लॅनशी ताडा. परताव्याची हमी कुणी देत नाही, खर्च मात्र ठरलेला असतो.