बाजार पाहून उचल: निवृत्तीच्या खर्चाचे कठडे

निवृत्तीनंतर साठवलेल्या पुंजीतून दरवर्षी किती रक्कम काढावी, याचे अमेरिकेतले जुने उत्तर विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये मांडले. पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे 4 टक्के काढायचे आणि पुढे बाजार चढो वा पडो, तीच रक्कम महागाईइतकी वाढवत न्यायची. अत्यंत वाईट काळातही पुंजी 30 वर्षे टिकावी म्हणून हा दर इतका कमी ठेवला होता. साहजिकच, बहुतेकांच्या वाट्याला तितका वाईट काळ येत नाही आणि त्यांची बरीच पुंजी न वापरता शिल्लक राहते.

जोनाथन गायटन आणि विल्यम क्लिंगर यांनी 2006 मध्ये यावर वेगळी वाट सुचवली. सुरुवात जास्त दराने करावी, पण बाजाराने साथ सोडली तर खर्च कमी करण्याची तयारी आधीच ठेवावी. घाटरस्त्याला दोन्ही बाजूंनी कठडे असावेत तशा या पद्धतीत उचलीच्या दराला दोन मर्यादा असतात. उचलीचा दर म्हणजे त्या वर्षी काढायची रक्कम त्या वेळच्या पुंजीच्या किती टक्के आहे तो आकडा. सुरुवातीचा दर 5 टक्के असेल, तर त्याच्या एक पंचमांश वर, म्हणजे 6 टक्क्यांवर, एक कठडा आणि तितकाच खाली, 4 टक्क्यांवर, दुसरा. दर 6 च्या वर गेला की उचलीला 10 टक्के कात्री लागते. 4 च्या खाली आला की उचल 10 टक्क्यांनी वाढते. मधल्या पट्ट्यात फक्त महागाईची वाढ मिळते. मात्र सरत्या वर्षात गुंतवणुकीला तोटा झाला असेल आणि दर सुरुवातीपेक्षा जास्त असेल, तर ती वाढही त्या वर्षी मिळत नाही आणि पुढे भरूनही दिली जात नाही.

समजा एखाद्याकडे 10 लाख डॉलर आहेत. पहिल्या वर्षाच्या आरंभी तो 50,000 काढतो. उरलेले साडेनऊ लाख बाजारात 20 टक्के घसरून 7,60,000 होतात. तोटा झाल्यामुळे महागाईची वाढ नाही. 50,000 ही रक्कम आता पुंजीच्या 6.6 टक्के झाली, म्हणून कात्री लागून उचल 45,000 वर येते. पुढच्या वर्षी उरलेल्या 7,15,000 वर 10 टक्के परतावा मिळून पुंजी 7,86,500 होते. महागाई 4 टक्के धरली तर उचल 46,800 होते आणि दर 5.95 टक्के, म्हणजे कठड्याच्या जेमतेम आत. तिसऱ्या वर्षी पुंजी नुसती 5 टक्के घसरली, तरी दर 6.7 टक्क्यांजवळ जातो आणि उचल 42,120 वर उतरते. तिन्ही वर्षे 4 टक्के महागाई असेल, तर मूळ 50,000 ची क्रयशक्ती टिकवायला आता 56,000 हून थोडे अधिक लागले असते. म्हणजे राहणीमान प्रत्यक्षात एक चतुर्थांशाने घटले.

या पद्धतीची खरी कमजोरी इथेच आहे. एक कात्री लागल्यावर दर कठड्याला लागूनच राहतो आणि पुढचा छोटा धक्काही दुसरी कात्री आणतो. बाजार पडायलाच हवा असेही नाही. परतावा शून्य आणि महागाई 8 टक्के असली, तर याच माणसाची उचल पहिल्या वर्षी 54,000 आणि दुसऱ्या वर्षी 58,320 होते, पुंजी मात्र 8,96,000 उरते. दर साडेसहा टक्के होतो आणि कात्री लागते. अमेरिकेत 1966 ते 1982 या काळात असेच घडत होते: डाऊ जोन्स निर्देशांक हजाराच्या आसपास घुटमळत राहिला आणि 1974 मध्ये महागाई दोन अंकी झाली. तेव्हा निवृत्त झालेल्याने हे नियम पाळले असते तर त्याची पुंजी टिकली असती, पण एकामागून एक कपातींनी घरखर्चाची किंमत मोजावी लागली असती. म्हणून पुंजी संपली का, एवढेच पाहून या नियमांची परीक्षा करणे अपुरे ठरते. सर्वांत वाईट वर्षी हातात किती पैसे उरतात, हेही पाहावे लागते. भाडे, औषधे, विमा यांचा किमान खर्च सोशल सिक्युरिटीसारख्या ठरलेल्या उत्पन्नातून भागत असेल, तरच अशी कात्री सोसवते.

दुसरी अडचण वयाची. पासष्टीत 6.5 टक्के दर धोक्याचा असतो, कारण तीस वर्षे काढायची असतात. पंच्याऐंशीत तोच दर सहज परवडतो, पण कठडा वय पाहत नाही. गायटन आणि क्लिंगर यांनी म्हणून नियोजनाच्या शेवटच्या 15 वर्षांत कात्रीचा नियम बाजूला ठेवला. पुढे काही सल्लागारांनी ठरावीक टक्क्यांऐवजी उरलेली वर्षे आणि येणारे इतर उत्पन्न धरून पुंजी पुरण्याची शक्यता दरवर्षी नव्याने मोजायला सुरुवात केली, आणि ती शक्यता ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली तरच उचल बदलायची, असे कठडे बसवले.