पिप छोटा, लॉट मोठा

युरो-डॉलरच्या स्क्रीनवर दोन भाव झळकतात: 1.0849 आणि 1.0850. पहिला विकण्याचा, दुसरा घेण्याचा. दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या अंकातला हा एकाचा फरक म्हणजे एक पिप. (जपानी येनच्या जोड्यांमध्ये पिप दुसऱ्या अंकावर मोजतात.) पिप हे भावाचं माप झालं. तो किती डॉलरचा, हे मात्र लॉट ठरवतो. एक लाख युरोचा पूर्ण लॉट असेल तर एक पिप दहा डॉलरचा, दहा हजारांचा मिनी लॉट असेल तर एक डॉलरचा.

समजा, जर्मनीतल्या एका हौशी ट्रेडरच्या खात्यात 4,000 डॉलर आहेत. त्याने 1.0850 ला एक पूर्ण लॉट घेतला. सौदा झाला 1,08,500 डॉलरचा. एवढे पैसे त्याच्याकडे नाहीत आणि लागतही नाहीत. युरोपीय नियमांनुसार प्रमुख चलनजोड्यांत किरकोळ ग्राहकाला तीसपटीपर्यंत सौदा करता येतो, म्हणून मार्जिन अडकतं सुमारे 3,617 डॉलर. मार्जिन म्हणजे फी नव्हे, अनामत. सौदा मिटला की ती मोकळी होते.

सौदा होताच खात्यात दहा डॉलरचा तोटा दिसतो, कारण विकायला भाव 1.0849 चाच आहे. विकण्याचा भाव 1.0890 झाला आणि त्याने सौदा मिटवला, तर 40 पिप, म्हणजे 400 डॉलर नफा. रात्रभर सौदा उघडा ठेवल्याचं व्याज वेगळं. युरो फक्त 0.37 टक्के वाढला, खातं मात्र दहा टक्क्यांनी फुगलं.

भाव उलटा फिरला तर? खात्यातली रक्कम मार्जिनच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे 1,808 डॉलरवर आली की ब्रोकरला सौदा बंद करावा लागतो. त्यासाठी सुमारे 219 पिपची घसरण पुरे. भाव 1.0631 च्या आसपास आला की निम्म्याहून अधिक पैसे गेलेले असतात. हाच सौदा मिनी लॉटमध्ये असता, तर तेवढ्याच घसरणीत 219 डॉलर गेले असते. नवखे लोक मार्जिन किती लागतं ते विचारतात. विचारायला हवं ते एका पिपला किती पैसे जातील हे.

आपोआप सौदा बंद होण्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. 15 जानेवारी 2015 रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने एका युरोला 1.20 फ्रँक हा किमान दर अचानक सोडला. भाव पायरी-पायरीने न उतरता कोसळला, मधल्या भावांना सौदे मिटलेच नाहीत आणि अनेक खाती उणे झाली. एफएक्ससीएम या ब्रोकरचं ग्राहकांकडे सुमारे 22.5 कोटी डॉलर येणं झालं. 2018 पासून युरोपात किरकोळ ग्राहकाचं अशा सौद्यांचं खातं शून्याखाली जाऊ देत नाहीत.

भारतात राहणाऱ्याला परदेशी ॲपवर असा सौदा करण्याची मुभा नाही. परवानगी नसलेल्या मंचांची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे; पैसे भरण्याआधी ती उघडून पाहावी.