ओल्या वाळूबद्दलचं एक वाक्य

सातवं सेमिस्टर सुरू झालं की इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्लेसमेंट सेलची धांदल उडते. कंपनी येणार असल्याची सूचना व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते, गूगल फॉर्म उघडतो आणि भरायला जेमतेम एक-दोन दिवस मिळतात. फॉर्मसोबत रेझ्युमे आणि एक पानी पत्र मागितलेलं असतं. मग सीनियरच्या ड्राइव्हवरचं जुनं पत्र खाली उतरतं, त्यात नाव बदलतं, कंपनी बदलते आणि ते वर चढतं. एकाच कॉलेजातून आलेली पत्रं सलग वाचताना हे लगेच ओळखू येतं. पंधरा जणांच्या पत्रात एकाच शब्दाचं स्पेलिंग त्याच पद्धतीनं चुकलेलं असतं. कधी तिसऱ्या परिच्छेदात मागच्या आठवड्यातल्या कंपनीचं नाव तसंच राहून गेलेलं दिसतं.

अशा पत्रात लिहिलेलं खोटं नसतं. 'मी मेहनती आहे, लवकर शिकतो, टीममध्ये काम करायला आवडतं, आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची संधी मिळावी.' हे वाक्य वर्गातल्या प्रत्येकाच्या बाबतीत खरं असू शकतं, म्हणूनच त्यातून एकाबद्दलही काही कळत नाही. आपलं पत्र तपासण्याची एक सोपी रीत आहे. त्यावरचं आपलं नाव झाकायचं आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राचं नाव घालून वाचायचं. पत्र तरीही चालत असेल, तर ते अजून लिहायचंच आहे.

यावर बरीच मुलं एक उपाय करतात: कंपनीबद्दलचा तपशील घालतात. प्री-प्लेसमेंट टॉकमध्ये कंपनीच्या माणसांनी स्लाइडवर दाखवलेलं स्थापनेचं वर्ष, नवा प्लांट, निर्यातीचे देश हे सगळं पत्रात उतरतं. पण तो टॉक सभागृहातल्या सगळ्यांनीच ऐकलेला असतो, त्यामुळे तोच नवा प्लांट शंभर पत्रांत येतो. शिवाय कंपनीला स्वतःचा इतिहास ठाऊक असतो. तिला हवी असते ती तुमच्या हातून झालेल्या कामाची खबर, म्हणजे शेजारच्या बाकावरून लिहिता येणार नाही अशी एखादी गोष्ट.

ती सापडते कशी, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, कोल्हापूरची एक मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तिनं सहा आठवड्यांची इंटर्नशिप केली. पत्रात तिनं आधी लिहिलं होतं, 'मी एका फाउंड्रीत इंटर्नशिप केली आणि तिथे कास्टिंगच्या प्रक्रियेचा सखोल अनुभव घेतला.' कोल्हापूरच्या परिसरात फाउंड्र्या पुष्कळ आहेत, त्यामुळे हे वाक्य तिच्या वर्गात आणखी वीस जणांकडे असणार.

आता ती तिची इंटर्नशिपची डायरी उघडते. कॉलेजला दाखवायची म्हणून रोज चार ओळी लिहिलेली ती वही बहुतेक मुलं सबमिशननंतर माळ्यावर टाकतात. माझ्या मते प्लेसमेंटच्या काळात तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. वहीत दुसऱ्या आठवड्यात एक नोंद आहे: साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, सकाळच्या पहिल्या तासात ओतलेल्या कास्टिंगमध्ये रिजेक्शन जास्त, दोष ब्लोहोलचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

कारण साधं होतं. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळलेलं असतं, आणि त्यातला ओलावा साधारण तीन ते चार टक्क्यांच्या आसपास राखावा लागतो. सुट्टीच्या दिवशी वाळू पडून राहते, वरून कोरडी होते. सकाळी आलेला कामगार ती हातात घेऊन पाहतो आणि अंदाजानं मिक्सरमध्ये पाणी वाढवतो. पाणी जास्त झालं की वितळलेला धातू ओतताच त्याची वाफ होते, ती वाफ धातूत अडकते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. तिनं सुपरवायझरला सुचवलं की सुट्टीनंतरच्या पहिल्या बॅचआधी ओलावा मीटरवर मोजावा आणि मगच पाणी घालावं. त्यांनी ते करून पाहिलं. आधीच्या तीन आठवड्यांत त्या पहिल्या तासातल्या 120 कास्टिंगपैकी 14 नाकारल्या गेल्या होत्या, नंतरच्या तीन आठवड्यांत तेवढ्याच नगांपैकी 5.

आता पत्रातला मजकूर असा होतो: 'इंटर्नशिपमध्ये मला आढळलं की सुट्टीनंतरच्या पहिल्या तासात ब्लोहोलमुळे रिजेक्शन वाढतं. वाळूचा ओलावा न मोजता पाणी घातलं जात होतं. मी मोजणी सुचवली, सुपरवायझरनी ती सुरू केली आणि त्या तासातलं रिजेक्शन 120 मागे 14 वरून 5 वर आलं.' प्रत्यक्ष पत्र इंग्रजीत असेल, पण मजकूर एवढाच. तो पहिल्या परिच्छेदातच यायला हवा, कारण पत्रांचा गठ्ठा चाळणारा माणूस तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचेलच असं नाही.

या मजकुरात ती काय म्हणत नाही, तेही महत्त्वाचं आहे. 'मी फाउंड्रीचं रिजेक्शन निम्म्याहून कमी केलं' असं ती लिहीत नाही. तिची नोंद फक्त एका तासाची आहे, नग थोडे आहेत आणि मोजणी सुरू करण्याचा निर्णय सुपरवायझरचा होता. हा फरक अनुभवी वाचकाला बरोबर कळतो. आकडा फुगवला की त्याचा संशय जागा होतो, मोजका ठेवला की विश्वास बसतो. फाउंड्रीच्या ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग यांतलं काहीही पत्रात येता कामा नये. ती फाउंड्रीची मालमत्ता आहे. शिवाय ते उघड करणारा उमेदवार उद्या आपल्याही गोष्टी बाहेर सांगेल, असं नव्या कंपनीला वाटणारच.

या तपशिलाची खरी कसोटी मुलाखतीत लागते, कारण पत्रातलं असं वाक्य प्रश्न ओढून घेतं. 'ब्लोहोलच होते कशावरून? श्रिंकेज नसेल कशावरून?' ज्यानं कास्टिंग हातात घेऊन पाहिलं आहे, तो सांगतो की ब्लोहोलच्या आतल्या भिंती गुळगुळीत आणि गोलसर असतात, तर श्रिंकेजची पोकळी खडबडीत आणि वेडीवाकडी असते. 'मग पाणी कमीच का ठेवत नाही?' कारण वाळू फार कोरडी झाली तर साचा झडतो आणि वाळूचे कण कास्टिंगमध्ये जातात. दुसऱ्याच्या अनुभवावरून घेतलेला तपशील इथे दोन प्रश्नांत उघडा पडतो. ग्रुप प्रोजेक्टचंही तसंच. चौघांनी मिळून काही बनवलं असेल, तर 'आम्ही बनवलं' याऐवजी आपल्या वाट्याला काय होतं ते लिहावं, कारण उरलेले तिघेही त्याच ड्राइव्हला बसलेले असतात.

या सगळ्याला मर्यादा आहेत. दहावीपासून साठ टक्के किंवा एकही बॅकलॉग नको, अशी अट असेल तर कुठलंही पत्र ती ओलांडू शकत नाही. एका दिवसात शेकडो मुलं घेणाऱ्या आयटी कंपन्यांत गाळणी अॅप्टिट्यूड आणि कोडिंग टेस्टची असते, तिथे पत्रावर रात्र घालवण्यापेक्षा सराव करावा. पत्राला वजन येतं ते दोन-चार जागांसाठी आलेल्या कंपनीत, जिथे अर्ज प्रत्यक्ष विभागप्रमुख वाचतो. आणि तपशील जागेला जुळणारा हवा. वाळूचा ओलावा क्वालिटीच्या किंवा प्रॉडक्शनच्या जागेसाठी सांगावा. डिझाइनच्या जागेसाठी त्याच मुलीनं डायरीची वेगळी पानं चाळायला हवीत.

म्हणून कॉलेजांनी रेझ्युमेचा ठरावीक साचा द्यावा, ते सोयीचंच आहे, पण पत्राचा नमुना देऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्याऐवजी ड्राइव्हच्या आधी प्लेसमेंट सेलनं प्रत्येकाला त्याची इंटर्नशिपची डायरी घेऊन बोलवावं आणि विचारावं, 'तू स्वतः काय मोजलंस?' ज्याच्याकडे इंटर्नशिप नाही, त्याला हाच प्रश्न वर्कशॉपच्या जर्नलबद्दल, मिनी प्रोजेक्टबद्दल किंवा घरच्या दुकानाच्या वहीबद्दल विचारता येतो.