लोकरीचा हातमोजा वाऱ्यापुढे का हरतो?

डिसेंबरातली पहाट. नाशिकजवळ पारा १० अंश सेल्सिअसवर आहे. अंगणात उभे असताना लोकरीच्या हातमोज्यांत बोटे ऊबदार राहतात. पण स्कूटर ताशी ४० किलोमीटर वेगाने धावू लागली की थोड्याच वेळात ती बधिर होतात. असे का व्हावे?

लोकर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तिच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक असते व तीच हाताची ऊब राखते. विणीतून वारा शिरला, की ही हवा हुसकली जाते. उघड्या त्वचेला तर या वेगाला १० अंशांची हवा सुमारे ६ अंशांइतकी गार भासते.

म्हणून मोजा घेताना तो तोंडाशी धरून जोराने फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला, तर तो मोजा गाडीवर निरुपयोगी. बाहेरून चामडे आणि आतून लोकरीचे अस्तर, ही जोडी चांगली. चामडे वारा अडवते व गुळगुळीत मुठीवर लोकरीसारखे घसरतही नाही. मोजा घालून मूठ वळून पाहा. फार घट्ट मोज्यात अस्तर दबून हवा निघून जाते. फार जाड मोज्यात ब्रेकचा दांडा बोटांना नीट जाणवत नाही.

आता मोबाइलचा पडदा. तो दाबाने नव्हे, तर बोट विद्युतवाहक असल्यामुळे स्पर्श ओळखतो. लोकर विद्युतरोधक आहे. त्यासाठी काही मोज्यांच्या टोकांत विद्युतवाहक धागा विणलेला असतो. अर्थात, त्याचा उपयोग गाडी थांबवल्यावरच!