पाकिटातलं औषधांचं कार्ड: एटीएम कार्डाएवढ्या कागदावर नेमकं काय लिहायचं?

आजचा भाग छोटा आहे. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा मजकूर, बोललो तसाच, थोडा नीट करून.

समजा घरातलं कुणीतरी रस्त्यात पडलं, शुद्ध नाही. 108 ची गाडी आली. आता डॉक्टरांना पहिल्यांदा काय हवं असतं? फाईल घरी कपाटात आहे, आणि घरचे फोनवर सांगतायत, "बीपीची एक पांढरी गोळी आहे, आणि एक अर्धी सकाळी..." याचा उपयोग शून्य.

माझ्या आत्याचं कार्ड मी बनवतो, तेच उदाहरण घेऊ. आत्याच्या हृदयात कृत्रिम धातूची झडप आहे, म्हणून रक्त पातळ ठेवणारं असेनोकुमॅरॉल चालू असतं. शिवाय मधुमेह आणि बीपी. कार्डावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: "रक्त पातळ करणारं औषध चालू आहे – असेनोकुमॅरॉल. मेकॅनिकल मायट्रल झडप." हे वर का? कारण असा माणूस डोक्यावर पडला तर जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टर डोक्याचा सीटी स्कॅन आणि आयएनआर ही तपासणी लगेच करतात. शिवाय डायक्लोफेनॅकसारखं दुखण्याचं इंजेक्शन कुणी सहज द्यायला जात असेल, तर ही ओळ वाचून थांबेल.

आता डोस. इथे बहुतेक कार्डं फसतात. आपण "दीड गोळी" लिहितो. पण ही गोळी 1, 2, 3 आणि 4 मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते, मग दीड म्हणजे किती? म्हणून मिलिग्रॅममध्येच लिहायचं: "सोम, बुध, शुक्र 3 मिग्रॅ, बाकीचे दिवस 2 मिग्रॅ, रात्री 8." पुढे: "मेटफॉर्मिन 500 मिग्रॅ, सकाळ-रात्र जेवणानंतर." ब्रँडचं नाव कंसात चालेल, पण मुख्य नाव घटकाचंच. एकाच औषधाचे आपल्याकडे कितीतरी ब्रँड आहेत, आणि ब्रँडच्या शेवटी असलेलं एखादं अक्षर दुसरा घटक सांगतं. बीपीच्या गोळीत "एच" असेल तर सहसा हायड्रोक्लोरोथायझाइड, "एएम" असेल तर ॲम्लोडिपिन. ते अक्षर गाळलं की अर्धं औषधच गाळलं. स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा आणि सगळे घटक लिहा. (चष्मा शोधावा लागतो, मान्य.)

ॲलर्जीसमोर काय झालं होतं तेही हवं. नुसतं "पेनिसिलिन" अपुरं आहे. "पेनिसिलिन – चेहरा सुजला, श्वास लागला" हे वेगळं, आणि "पोट बिघडलं" हे वेगळं. दुसऱ्यात ॲलर्जी नसून साइड इफेक्ट असू शकतो. पण पहिल्यात तेच औषध पुन्हा दिलं तर जिवावर बेतू शकतं.

कार्ड इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहा. परगावी कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. खाली घरच्या दोघांचे नंबर, उपचार करणारे डॉक्टर आणि तारीख. तारीख नसेल तर वाचणाऱ्याला ते कालचं आहे की तीन वर्षांपूर्वीचं, कळणार नाही.

आता अपडेट. लोक कार्ड लॅमिनेट करून आणतात, माझ्या मते तिथेच गडबड होते. लॅमिनेट केलेलं कुणी बदलत नाही. साधा जाड कागद घ्या, बॉलपेन, आणि वर पारदर्शक पाऊच. परवा आत्याचा आयएनआर 4.1 आला. तिच्यासाठी डॉक्टरांनी 2.5 ते 3.5 सांगितलाय. त्यांनी रोज 2 मिग्रॅ केलं, म्हणजे आठवड्याला 17 ऐवजी 14. त्याच संध्याकाळी नवं कार्ड लिहिलं. खाडाखोड केली नाही, कारण खोडलेले आकडे घाईत चुकीचे वाचले जातात. जुनं लगेच फाडलं. दोन्ही पाकिटात राहिली तर कुठलं खरं, हा प्रश्न बेशुद्ध माणसाला विचारता येत नाही.

डिस्चार्जनंतर जास्त जपा. तिथे हमखास एखादं औषध बंद होतं, एखादं नवं येतं. घरी आल्यावर सगळ्या स्ट्रिप टेबलावर ओता आणि डिस्चार्ज कागदाशी एकेक जुळवा. एकच घटक दोन ब्रँडच्या नावाने दिसला, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. सगळं जुळलं की मगच कार्ड लिहा.

फोनमध्येही ठेवा, पाकिटाला जोड म्हणून. आयफोनवर हेल्थ ॲपमध्ये `Medical ID` भरून `Show When Locked` चालू करा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये `Safety & emergency` शोधा. फोनप्रमाणे नाव थोडं बदलतं. कार्ड बदलाल त्याच वेळी फोनही बदला. आत्याचं पाकीट मात्र पर्सच्या पुढच्या कप्प्यात असतं, आणि कार्ड त्यात आधार कार्डाच्या मागे नाही, पुढे.